मदत हवी आहे : घरमालकाचं पत्र दिलं तरी गॅस एजन्सीनं परत पाठवलं

वडगावकर_भाडेकरू
घरमालक काकांच्या हातापाया पडून 'हरकत नाही' असं पत्र घेतलं. एजन्सीवाला म्हणतो चालत नाही. दोनदा अर्धी रजा गेली. आता काय करू? लवकर सांगा.

खानापूरची_सून
आधार द्या की ओ, आधारावर लगेच देतात. आमचं तसंच झालं.

वडगावकर_भाडेकरू
आधार चंदगडचं आहे.

खानापूरची_सून
मग नाही चालणार. हे आधी सांगायचं की!

जुना_हिशेबनीस
पत्रात काय लिहिलंय? आणि सोबत काय जोडलं?

वडगावकर_भाडेकरू
'यांना गॅस घेण्यास हरकत नाही', खाली सही. हेस्कॉमचं लाईट बिल जोडलं. बिल काकांच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारले.

जुना_हिशेबनीस
गाडी इथंच अडली. पत्रावर सही मुलाची, बिलावर नाव वडिलांचं. ही खोली पत्र देणाऱ्याचीच आहे हे कळायचं कसं? घरपट्टीची पावती काकांच्या नावावर असेल तर तिची झेरॉक्स लावा. तीही वडिलांचीच असेल तर मृत्यूदाखला आणि वारसाचा कागद मागतील. पत्र नवं घ्या. त्यात घर नंबर, बिलावरचा आर. आर. नंबर, तुमचं नाव, कधीपासून राहता आणि तारीख असू दे.

निपाणीचा_पाटील
पत्रबित्र सोडा. ११ महिन्यांचा भाडेकरार करा, तोच पुरावा होतो.

जुना_हिशेबनीस
होतो, पण करारावरही सही त्याच काकांची. नाव जुळत नाही ते नाहीच.

निपाणीचा_पाटील
आमच्याकडं कुणी विचारलं नाही.

शहापूर_विणकर
पत्र मराठीत होतं का? कन्नडमध्ये नाही म्हणूनच परत केलं असणार. आमच्या भागात हेच चालतं.

वडगावकर_भाडेकरू
मराठीतच होतं, पण त्यावर तो काही बोलला नाही. भाषेवरनं भांडण नको, मला चूल पेटवायची आहे. दुसरी भानगड म्हणजे करार म्हटलं की काका बिथरतात. 'उद्या खोली सोडणार नाहीस' म्हणतात. पत्र दिलं तेही मला देव्हाऱ्यासमोर उभं करून 'सोडेन' असं वदवून घेतल्यावर.

जुना_हिशेबनीस
मग पत्रातच ओळ घाला : 'हे पत्र फक्त गॅस जोडणीसाठी असून भाडेकरू खोली सोडताना जोडणी बंद किंवा बदली करून घेईल.' खाली तुमचीही सही. जोडणी तुमच्या नावावर, अनामत तुमची, जाताना सिलिंडर-रेग्युलेटर जमा केलं की अनामत परत. काकांचं काही जात नाही, हे त्यांना समोर बसून समजवा.

अनगोळ_गृहिणी
गृहज्योतीचं २०० युनिट फुकट लाईट भाडेकरूला मिळतं का हो? आमचा मालक देत नाही.

जुना_हिशेबनीस
ताई, वेगळा धागा काढा.

टिळकवाडी_बॅचलर
तोवर ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. ओळखपत्र दाखवलं की देतात, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. मी वर्ष काढलं त्यावर. महाग पडतं मात्र.

वडगावकर_भाडेकरू
हे कुणी आधी का सांगितलं नाही! उद्याच बघतो. घरपट्टीची पावती काढायला सांगितली, काका म्हणतात ट्रंकेत असेल. ट्रंकेची किल्ली त्यांच्या भावाकडं आहे आणि दोघांचं बोलणं बंद आहे.