मदत हवी आहे: गेस्ट वायफायवर प्रिंटर दिसत नाही

मंडळी, लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही एकाच गेस्ट वायफायवर आहेत. लॅपटॉपला 192.168.50.12, प्रिंटरला 192.168.50.20. इंटरनेट व्यवस्थित चालतं, राउटरला पिंग जातो, पण प्रिंटरकडून काहीच उत्तर नाही. लॅपटॉपवर हे दिसतं:

```
$ ip neigh show 192.168.50.20
192.168.50.20 dev wlan0 FAILED
```

म्हणजे प्रिंटरचा मॅक पत्ताच मिळत नाहीये. क्लायंट आयसोलेशन दोन मिनिटं बंद केलं, तर प्रिंटर लगेच सापडला. त्यामुळे राउटरच एका उपकरणाचा डेटा दुसऱ्याकडे जाऊ देत नाही, हे कळलं. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून सुरक्षित राहावीत म्हणून मला ते चालूच ठेवायचंय.

फक्त प्रिंटरपुरती सूट देता येते का? की त्याला केबलने मुख्य नेटवर्कवर जोडून गेस्टमधून तेवढ्याच पत्त्याला वाट द्यावी? कोणी असं केलं असेल तर सेटिंग नेमकं कुठे असतं, कृपया सांगा.