मदत हवी आहे: नव्या ग्राहकांसाठी केलेली जाहिरात जुन्याच ग्राहकांना दिसते आहे

हळदघर_सांगली

नमस्कार. सांगलीत आमचा हळद आणि बेदाणे विकण्याचा घरगुती व्यवसाय आहे. गेल्या चार वर्षांत 1,480 ग्राहक जोडले गेले. काही ऑर्डर संकेतस्थळावरून येतात, पण बऱ्याचशा व्हॉट्सॲपवरच येतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरातींसाठी दिवसाला 600 रुपये खर्च करतो.

मागील महिन्यात मी तीन वेगळ्या जाहिराती केल्या. प्रथमच येणाऱ्यांसाठी राजापुरी हळदीचा 250 ग्रॅमचा पुडा आणि पहिल्या खरेदीवर 15 टक्के सूट, पुन्हा घेणाऱ्यांसाठी "नवीन हंगामाची हळद दळून तयार आहे" असा संदेश, आणि वर्षाला पाच हजारांहून अधिक खरेदी करणाऱ्या 64 जणांसाठी बेदाण्याची आगाऊ नोंदणी. पहिल्या जाहिरातीतून जुने ग्राहक वगळण्यासाठी मी पिक्सेलवरून 180 दिवसांतील खरेदीदारांची यादी लावली होती.

तरीही मिरजेच्या एका काकूंनी त्याच जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवून विचारले, "तीन वर्षे तुमच्याकडूनच हळद घेते. नव्या माणसाला सूट आणि मला पूर्ण भाव, हे कसे?" मला उत्तर देता आले नाही आणि मनापासून वाईट वाटले. अशा तक्रारी आतापर्यंत सात आल्या आहेत. चूक नेमकी कोठे होत आहे?

विपणन_विटा

ताई, मला वाटते आपले ग्राहकगट फार लहान आहेत. त्या 64 मोठ्या ग्राहकांवरून त्यांच्यासारख्या लोकांचा एक टक्क्याचा गट तयार करावा आणि सगळा खर्च त्यावरच करावा, म्हणजे तीन जाहिरातींची गरजच उरणार नाही.

जुना_जाहिरातवाला

विटेकर, गट लहान आहेत हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण उपाय लागू पडणार नाही. सारख्या लोकांचा गट करण्यासाठी मूळ यादीत एकाच देशातील किमान 100 माणसे जुळावी लागतात, आणि येथे मुळात 64 आहेत. शिवाय ताईंचा प्रश्न नवे लोक शोधण्याचा नसून जुने लोक वगळण्याचा आहे.

ताई, हळद ही वर्षातून एकदाच भरून ठेवण्याची वस्तू आहे हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. काकूंनी गेल्या मार्चमध्ये वर्षाची हळद घेतली असेल, तर सप्टेंबर संपेपर्यंत त्या आपल्या 180 दिवसांच्या यादीतून आपोआप बाहेर पडल्या. संकेतस्थळावरील भेटींवरून केलेली यादी 180 दिवसांपेक्षा मागचे लक्षात ठेवतच नाही. म्हणजे नवा हंगाम येतो आणि काकूंना पुन्हा हळद हवी असते, नेमक्या त्याच वेळी यंत्रणा त्यांना अनोळखी समजते. महिन्याला साबण विकणाऱ्याला ही अडचण कधी जाणवत नाही. दुसरे म्हणजे, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डर पिक्सेलला दिसतच नाहीत. गेल्या 180 दिवसांत संकेतस्थळावरून किती जणांनी खरेदी केली, ते कृपया मोजून सांगावे.

हळदघर_सांगली

मोजले. 240 जण आहेत. म्हणजे 1,480 पैकी 1,240 ग्राहक यंत्रणेच्या दृष्टीने नवखेच आहेत. मी सगळ्या 1,480 जणांचे मोबाइल क्रमांक एक्सेलमधून काढून यादी म्हणून चढवले, परंतु तयार झालेला गट फारच लहान दिसतो.

जुना_जाहिरातवाला

क्रमांकांआधी 91 लावले आहे का? ते लावल्यावर फाईल पुन्हा उघडून पाहिली का?

हळदघर_सांगली

91 लावले होते. आता फाईल उघडली, तर निम्म्याहून अधिक ओळींत क्रमांकाऐवजी 9.19E+11 असे लिहिलेले आहे.

जुना_जाहिरातवाला

तेच कारण आहे. एक्सेल साध्या रकान्यातील बारा आकडी संख्या अशी आखडून दाखवते आणि सीएसव्ही जतन करताना जे दिसते तेच लिहिते, त्यामुळे मूळ क्रमांक त्या फाईलमधून कायमचा जातो. आपण मूळ वहीवरून पुन्हा सुरुवात करावी, रकान्याचा प्रकार आधी Text करावा आणि मगच क्रमांक भरावेत. दर महिन्याला नवी नावे चढवावीत, कारण ही यादी आपोआप वाढत नाही.

यानंतरही सगळे जुळणार नाहीत. पुष्कळ घरांत ऑर्डर मुलाच्या क्रमांकावरून होते आणि फेसबुक आईच्या क्रमांकावर असते. म्हणून सवलतीचा निर्णय जाहिरातीवर सोडू नये. संकेतस्थळावरच कूपन असे ठेवावे की ते पहिल्या ऑर्डरलाच लागेल, आणि जाहिरातीच्या चित्रावर मात्र 15 टक्क्यांचा उल्लेख करू नये. त्याऐवजी नव्या माणसाला पडणाऱ्या शंकेचे उत्तर द्यावे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते सांगावे, हळकुंड मोडून आतला रंग दाखवावा, लहान पुडा दाखवावा. काकूंनी ही जाहिरात पाहिली तरी त्यांचे मन दुखावणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या जाहिरातीत Advantage+ audience सुरू असेल, तर आपण दिलेली यादी ही केवळ सूचना ठरते आणि "नवीन हंगामाची हळद दळून तयार आहे" हा जुन्या ग्राहकांसाठीचा संदेश कधीही हळद न घेतलेल्या माणसापर्यंत जातो. वगळण्याची यादी मात्र तेथेही पाळली जाते.

कंदीपेढा_सातारा

आम्ही साताऱ्यात कंदी पेढे विकतो. आमचा माल थोडे दिवसच टिकतो, ग्राहक दोन-तीन महिन्यांत परत येतो, आणि म्हणून आमच्याकडे 180 दिवसांची यादी उत्तम चालली. दिवाळीला मोठ्या ग्राहकांना वेगळी जाहिरात दाखवली, तेव्हा एका कार्यालयाने एकदाच घेतलेल्या चाळीस किलोंमुळे ते "मोठे ग्राहक" ठरले होते, आणि ते पुन्हा आलेच नाहीत. केवळ रकमेवरून मोठा ग्राहक ठरवू नये, असे माझे मत आहे.

हळदघर_सांगली

आपले म्हणणे पटले. यादी पाहिली, तर 64 पैकी 11 जणांनी फक्त लग्नकार्यासाठी एकदा बेदाणे घेतले होते. मग उरलेल्या 53 जणांसाठी जाहिरात ठेवावी की नाही?

जुना_जाहिरातवाला

माझ्या मते ठेवू नये. इतक्या लहान गटात तीच माणसे तेच चित्र आठवड्यात आठ-दहा वेळा पाहतात. त्यांना फोन करावा, शेडवरून बेदाणा आला की आधी कळवावे. खर्चाचाही विचार करावा. आपल्याला एक ऑर्डर साधारण कितीला पडते?

हळदघर_सांगली

सुमारे 180 रुपयांना.

जुना_जाहिरातवाला

म्हणजे आठवड्याला 23 ऑर्डर. एका जाहिरात संचाला स्थिरावण्यासाठी आठवड्याला सुमारे 50 खरेदी लागतात, असे मेटा सांगते. आपण आधीच निम्म्यावर आहात, त्यात तीन भाग केले तर कोणताच स्थिरावणार नाही. नव्यांसाठी एक आणि जुन्यांसाठी हंगामाचे सहा आठवडेच दुसरा, इतकेच ठेवावेत. खात्याच्या सेटिंगमध्ये ग्राहकांची यादी Existing customers म्हणून नोंदवावी, म्हणजे अहवालात Audience segments निवडल्यावर नव्यांच्या जाहिरातीचा किती पैसा जुन्यांवर गेला ते स्पष्ट दिसेल.

विपणन_विटा

53 जणांना जाहिरात दाखवूच नये, हे मला अजूनही पटत नाही. फोन सगळेच उचलतात असे नाही.

वकील_विश्रामबाग

क्रमांक चढवण्याआधी एक विचारते. हे क्रमांक ग्राहकांनी ऑर्डर पोहोचवण्यासाठी दिले होते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच असा आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. आपल्या ऑर्डर अर्जावर जाहिरातीसाठी संमती घेतली आहे का?

हळदघर_सांगली

नाही, घेतलेली नाही. नव्या ऑर्डरसाठी आजच अर्जावर वेगळी चौकट टाकते, आणि तोवर यादी चढवण्याचे थांबवते. 15 टक्क्यांचे चित्र मी आज सकाळीच काढून टाकले आहे आणि मिरजेच्या काकूंना फोनही केला आहे. आता प्रश्न उरतो तो जुन्या 1,480 जणांचा. त्यांची संमती व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवून मागितली तर चालेल का, आणि जे उत्तरच देणार नाहीत, त्यांना वगळण्यासाठीसुद्धा त्यांचा क्रमांक वापरता येणार नाही का?

वकील_विश्रामबाग

संदेशावरून मिळालेला स्पष्ट होकार जपून ठेवल्यास चालावा. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. वगळण्याच्या वापराबद्दल मला अभ्यास करून सांगावे लागेल. कोणी यावर प्रत्यक्ष काम केले असल्यास कृपया येथे लिहावे.