लॉजची 10 बाय 18 ची खोली: बाथरूम दाराशी की खिडकीशी?

तुळजापूर_बांधकाम: देवळाजवळ तीन मजली लॉज बांधतोय. प्रत्येक खोली आतून 10 बाय 18 फूट, दार आणि खिडकी समोरासमोरच्या आखूड भिंतींत. ड्राफ्ट्समनने बाथरूम खिडकीकडे काढलंय, कपाट दाराजवळच्या बोळात. काय बदलू?

देशमुख_काका: ड्राफ्ट्समन बरोबर आहे, काही बदलू नका. बाथरूम बाहेरच्या भिंतीला असली की खिडकीतून हवा खेळते, वास राहत नाही. दाराशी घेतली की सगळं एक्झॉस्टवर. लाइट गेली की खोलीभर वास.

रेषा_आर्किटेक्ट: हवेचा मुद्दा खरा आहे, पण त्याची किंमत खोली मोजते. 10 फुटांच्या भिंतीतले सहा फूट बाथरूमला गेले की खिडकीला जेमतेम तीन-साडेतीन उरतात. शिवाय पलंग दाराकडे सरकतो आणि यात्रेकरू पहाटे चारला बादल्या वाजवत निघाले की सगळा आवाज थेट उशीशी. दाराशी बाथरूम असली तर तो आवाज तिथेच अडतो.

जोडीच्या दोन खोल्यांच्या बाथरूम पाठीला पाठ लावून घ्या, मध्ये डक्ट सोडा. प्रत्येक खोलीने 1 फूट 2 इंच दिले की 2 फूट 4 इंचांची डक्ट मिळते. रुंदीचा हिशेब असा: बोळ साडेतीन फूट, भिंत 4 इंच, बाथरूम 4 फूट 8 इंच, भिंत 4 इंच, उरलेली डक्ट. बाथरूमची लांबी साडेसहा फूट. कमोड डक्टच्या भिंतीला लावा, म्हणजे पाइप भिंतीतून थेट डक्टमध्ये जातो आणि खालच्या खोलीचं छत फोडावं लागत नाही. डक्टचं दार कॉरिडॉरमध्ये ठेवा, प्लंबर गिऱ्हाइकाच्या खोलीत शिरणार नाही. हवेसाठी डक्ट वर उघडी हवी. तिचं किमान माप इमारतीच्या उंचीवर ठरतं, ते नगरपरिषदेकडून आधी तपासा. जास्त लागलं तर बोळातून नाही, बाथरूमच्या लांबीरुंदीतून काढा.

देशमुख_काका: आणि कपाट? साडेतीन फुटांच्या बोळात दोन फुटांचं कपाट टाकलं तर माणूस आडवा जाणार का?

रेषा_आर्किटेक्ट: म्हणूनच ते बोळात नको. बाथरूमची खोलीकडे येणारी आखूड भिंत आहे, तिला टेकवून बोळाच्या टोकाला दोन फूट खोल, तीन फूट रुंद उघडा कोनाडा करा. वर दांडी, खाली बॅग ठेवायला कडप्पा. पल्ले नकोत, कारण समोर पलंगापर्यंत दोनच फूट उरतात. उघडं असलं की सामान विसरूनही जात नाही आणि साफसफाईवाल्याला एका नजरेत दिसतं.

धोका एकच, ओल. पाठीमागे शॉवर आला की प्लायवूड फुगतं आणि कपड्यांना बुरशीचा वास येतो. म्हणून शॉवर कॉरिडॉरकडच्या टोकाला, मध्ये कमोड, कोनाड्याकडे बेसिन. बाथरूमचं दारही बेसिनपाशीच, म्हणजे खोलीचं दार आत उघडलं तरी दोन्ही पल्ले आपटत नाहीत. शॉवरच्या तिन्ही भिंतींना सात फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर कॉरिडॉरचा रंग पापुद्रे सोडतो.

सांगली_लॉज: आमच्या खोल्या नऊ फूट रुंद आहेत. पलंग आडवा टाकला की पायाशी सव्वादोन फूट. आम्ही उशी खिडकीखाली घेतली, पण पावसाळ्यात चौकटीतून पाणी थेट गादीवर.

रेषा_आर्किटेक्ट: त्यांच्याकडे दहा आहेत, तिथे जमतं. उशी बाथरूमच्या बाजूच्या लांब भिंतीला. साडेसहा फूट पलंग आणि तीन इंचांचा हेडबोर्ड धरला तर समोर सव्वातीन फूट उरतात. टीव्ही भिंतीलाच हवा. खाली दीड फुटाचं टेबल ठेवलंत तर वाट गेली. फायदा असा की दार उघडलं तरी झोपलेल्याचा चेहरा कॉरिडॉरमधून दिसत नाही, बाथरूमची भिंत आड येते.

वास्तू_सोलापूर: अहो, पण जोडीत आरसा धरल्यासारखा प्लॅन केला की एका खोलीत डोकं एका दिशेला, शेजारच्या खोलीत उलट. कॉरिडॉर पूर्व-पश्चिम असेल तर डोकी पूर्वेला आणि पश्चिमेला, चालेल. उत्तर-दक्षिण असेल तर निम्म्या खोल्यांत डोकं उत्तरेला. देवस्थानाच्या गावातलं गिऱ्हाईक हे विचारतं.

तुळजापूर_बांधकाम: आमचा कॉरिडॉर उत्तर-दक्षिणच आहे.

रेषा_आर्किटेक्ट: मग त्या निम्म्या खोल्यांत उशी टीव्हीच्या भिंतीला न्यावी लागेल आणि दारातून चेहरा दिसेल. बोळाच्या तोंडाशी पडदा लावा. मी स्वतः हे करणार नाही, पण गिऱ्हाईक तुमचं आहे.

देशमुख_काका: बाथरूमचं दार मात्र बाहेर उघडणारं ठेवा. आत म्हातारं माणूस पडलं तर पल्ला आत ढकलता येत नाही.

रेषा_आर्किटेक्ट: बेसिनसमोर 3 फूट 4 इंच जागा आहे, अडीच फुटांचा पल्ला आत सहज फिरतो. बाहेर उघडला तर ओल्या पल्ल्याचं पाणी बोळात टपकतं.

देशमुख_काका: बोळ पुसता येतो.