मदत हवी आहे: परवापासून रजेवर, आपोआप जाणाऱ्या मेलमध्ये नक्की काय लिहू?

मृण्मयी_बडोदे | 25 ऑगस्ट 2025, सकाळी 11:40

उद्या संध्याकाळी गणपतीसाठी कोकणात निघते आहे. गेल्या दिवाळीत आमच्या ऑफिसातल्या रजेच्या मेलवर ग्राहक फार चिडले होते, म्हणून साहेबांनी बजावलंय की या वेळी नीट लिहून जा. मी हे लिहिलंय (इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते):

"मी सध्या रजेवर आहे. या काळात मेल पाहण्याची सोय मर्यादित असेल. 6/9 पर्यंत परत येईन. तातडीचे काम असल्यास माझ्या सहकाऱ्यांशी संपर्क साधावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

साहेब म्हणतात चालणार नाही, पण का ते सांगत नाहीत. शिवाय आउटलुकमध्ये हे लावायचं बटणच सापडत नाहीये. कृपया लवकर सांगा, आज ऑफिसात आहे तोवर उरकायचंय.

इंदूरी_जिरावण | 11:52

आउटलुकचा नाद सोडा, जीमेलवर या. सेटिंगमध्ये खाली Vacation responder आहे. First day, Last day भरा, झालं. एकाच माणसाने रोज मेल टाकली तरी त्याला चार दिवसांतून एकदाच उत्तर जातं. Last day मध्ये परत यायची तारीख टाका. मी इंदूरहून वर्षानुवर्षे हेच करतो.

अलकापुरीकर | 12:05

आधी थोडी माहिती द्या, नाहीतर सगळे अंदाजच बांधतील. तुम्हाला मेल कोण पाठवतं आणि कशासाठी? "सहकाऱ्यांशी" म्हणजे नक्की कुणाशी, आणि त्यांना हे माहीत आहे का? 6 तारखेला तुम्ही ऑफिसात असाल, की 6 हा रजेचा शेवटचा दिवस आहे? तुमच्या वाक्यावरून मला दोन्ही अर्थ लागतात.

जुना_हेडक्लार्क | 12:20

ताई, रजेच्या अर्जात कारण एका ओळीत असावे. "कुलाचाराप्रमाणे घरच्या गणपतीसाठी गावी जाणे आवश्यक आहे" एवढे पुरे. किती दिवस, कोणत्या प्रकारची रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी हे अवश्य लिहा. मुख्यालय सोडण्याचे लोक हमखास विसरतात.

मृण्मयी_बडोदे | 12:31

काका, रजा मंजूर आहे. रजेत असताना येणाऱ्या मेलना जे उत्तर आपोआप जातं त्याबद्दल विचारतेय.

@अलकापुरीकर, मकरपुरा जीआयडीसीत पंप बनवणारी कंपनी आहे, मी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघते. माल निघाला का, एलआरची म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीची कॉपी पाठवा, टेस्ट सर्टिफिकेट पाठवा, कोटेशन सुधारून द्या, हेच सगळं. मध्येच एखाद्याचा पंप साइटवर बंद पडतो. 27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर रजा, 7 ला रविवार, 8 ला सोमवारी कामावर. माझं काम डिस्पॅचच्या बेन बघणार आहेत.

सर्व्हरवाला | 12:44

बटण दिसत नाही याचा अर्थ तुमची मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवर नाही. आउटलुक आपलं Automatic Replies फक्त तशा खात्याला दाखवतं. कंपनीचं डोमेन एखाद्या होस्टिंगवर आहे आणि मेल पीओपीने उतरते, असंच ना? असेल तर कुणी आउटलुकात रूल आणि टेम्प्लेट लावायला सांगितलं तरी ऐकू नका. तो रूल आउटलुक उघडं असेपर्यंतच चालतो. तुम्ही लॅपटॉप बंद करून गाडीत बसलात की उत्तरंही बंद.

आणि इंदूरकर, Last day चं तुम्ही उलटं सांगितलंत. जीमेल त्या तारखेच्या रात्री 11:59 पर्यंत उत्तर पाठवत राहतं. 8 टाकली तर 8 ला त्या खुर्चीत बसून मेल लिहीत असतील आणि ग्राहकाला मात्र "मी रजेवर आहे" जाईल. त्यांना 7 टाकावी लागेल.

इंदूरी_जिरावण | 12:51

मी ते मुद्दाम करतो. पहिला दिवस साठलेली मेल उपसण्यातच जातो. ग्राहकाला वाटलं की अजून एक दिवस रजा आहे, तर कुणाचं काय बिघडलं?

अलकापुरीकर | 12:58

त्याच दिवशी दुसऱ्या ग्राहकाला तुमचं उत्तर गेलं आणि ते दोघे एकाच कंपनीतले निघाले, तर बिघडतं. खरेदी विभागात लोक शेजारी शेजारी बसतात. उसंत हवी असेल तर ती मेलमध्ये उघड मागावी.

मृण्मयी_बडोदे | 1:10

हो, होस्टिंगच आहे, सीपॅनल. मला वेबमेलचा पासवर्ड मिळाला. Autoresponders दिसतंय. त्यात Interval काय भरू?

सर्व्हरवाला | 1:16

Interval म्हणजे त्याच पत्त्यावर पुन्हा उत्तर जाण्याआधी किती तास थांबायचं. 48 ठेवा. शून्य अजिबात ठेवू नका, प्रत्येक मेलला उत्तर जाईल. मोठ्या ग्राहकांच्या पोर्टलवरून आपोआप पोच येते. तुमचं यंत्र पोचेला उत्तर देणार, त्यांचं यंत्र तुमच्या उत्तराला पोच देणार, आणि परत याल तेव्हा मेलबॉक्स तुडुंब. Start आणि Stop दोन्हीत Custom निवडून तारखा भरा. Stop ला Never राहिलं तर नवरात्रातही तुम्ही कोकणातच असाल.

एक मर्यादा आहे. एक्सचेंजमध्ये ऑफिसातल्यांना वेगळा आणि बाहेरच्यांना वेगळा मजकूर ठेवता येतो, इथे सगळ्यांना एकच. त्यामुळे गावचं नाव, घर बंद आहे वगैरे काही लिहू नका.

अलकापुरीकर | 1:40

आता मजकुराकडे येऊ. ऑर्डर पाठपुराव्याचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे समोरचा काय शोधतो ते सांगू शकतो. त्याला तुमची रजा नको असते, त्याला एलआर हवी असते. तुमच्या मसुद्यात ती कुठून मिळेल ते कुठेच नाही.

"मेल पाहण्याची सोय मर्यादित" हे वाक्य आधी काढा. ते वाचून माणूस म्हणतो, म्हणजे अधूनमधून बघणार, थांबू या. तो दोन दिवस थांबतो आणि मग चिडतो. बघणार नसाल तर "बघणार नाही" लिहा, म्हणजे तो लगेच दुसरी वाट धरेल.

तारीखही दोन ठिकाणी हवी. 8 ला तुम्ही खुर्चीत बसणार, पण दहा-अकरा दिवसांची मेल त्याच दिवशी संपणार नाही. कामावर कधी येणार आणि जुन्या मेलला उत्तर कधीपर्यंत देणार, या वेगळ्या तारखा आहेत. 8 आणि 10 लिहा. महिना अक्षरात लिहा, कारण 6/9 हे परदेशी ग्राहक 9 जून वाचू शकतो. विषयाच्या ओळीतही तारीख घाला, बरेच जण मोबाइलवर तेवढंच वाचतात.

पर्यायी संपर्क कामाप्रमाणे द्या. एलआर आणि माल कधी निघणार हे बेन सांगू शकतील. टेस्ट सर्टिफिकेट त्या काढू शकतात की क्वालिटीवालेच देतात? बंद पडलेल्या पंपासाठी सर्व्हिसचा नंबर हवा, तिथे मेल कामाची नाही. आणि कोटेशन तुमच्याशिवाय कुणीच सुधारणार नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. उगाच बेनकडे पाठवलं तर त्या "ताई आल्यावर" म्हणतील आणि ग्राहकाचा एक फेरा वाया जाईल.

पण कोटेशनचं काम नुसत्या आपोआपच्या मेलने भागत नाही. ज्यांची मुदत 27 ऑगस्ट ते 10 सप्टेंबरमध्ये संपते, त्यांना आजच वेगळी मेल करा. मुदत वाढवायची की नाही ते साहेबांकडून घ्या. तो खरेदीवाला तुम्हाला शेवटच्या दिवशीच लिहिणार आणि त्याला आपोआपचं उत्तर मिळणार.

इंदूरी_जिरावण | 1:55

एवढं लांबण कोण वाचतो? स्वतःचा मोबाइल द्या. माणूस फोन करेल, आपण बेनना फोन करू, काम होईल. धंदा माणसाच्या आवाजावर चालतो.

अलकापुरीकर | 2:02

मग ती रजा कसली? आणि गावात रेंज नसेल तर तोच नंबर दिवसभर "संपर्क क्षेत्राबाहेर" सांगेल. एका बाबतीत मात्र इंदूरकरांचं बरोबर आहे, काही ग्राहक फोनच करतात. त्यांच्यासाठी कंपनीचा लँडलाइन नंबर द्या.

दांडियाबाजार | 2:15

बडोद्याचे गणपती सोडून कोकणात? असो, घरचा गणपती म्हणजे जावंच लागतं. रेल्वेने जाताय का? आमचं वेटिंग अजून हललेलं नाही, कुणाला माहिती असेल तर सांगा.

मृण्मयी_बडोदे | 2:30

बेनना आत्ता विचारलं. त्या 1 सप्टेंबरपासून भादरवी पूनमच्या पदयात्रेला अंबाजीला जाणार आहेत! 30 ऑगस्टपर्यंतच आहेत. नंतर स्टोअरचे भाई बघतील म्हणाल्या. आता 1 तारखेला कोकणातून मजकूर बदलू का?

सर्व्हरवाला | 2:36

बदलता येईल, पण रेंजच्या भरवशावर ठेवू नका. दोन्ही नावं तारखांसकट आत्ताच लिहा.

अलकापुरीकर | 2:50

त्याहून बरं म्हणजे डिस्पॅचचा सामायिक पत्ता असेल तर तो द्या, मागचा माणूस बदलला तरी पत्ता तोच राहतो. फक्त 1 तारखेपासून तो भाईंच्या संगणकावर उघडतो ना, हे उद्या निघण्याआधी त्यांच्या शेजारी उभं राहून बघा. नुसतं "हो, बघेन" यावर जाऊ नका. मसुदा असा करा:

"विषय: रजेवर, सोमवार 8 सप्टेंबरला कामावर

मी 27 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर कामावर नाही आणि या काळात मेल पाहणार नाही. या काळात आलेल्या मेलना बुधवार 10 सप्टेंबरपर्यंत उत्तर देईन.

माल कधी निघेल, एलआर: डिस्पॅच विभागाचा मेल पत्ता. ऑर्डर क्रमांक लिहावा.
टेस्ट सर्टिफिकेट: क्वालिटी विभागाचा मेल पत्ता.
पंप बंद पडला असल्यास: सर्व्हिसचा लँडलाइन नंबर, कामाच्या वेळेत.
कोटेशनमधील बदल मी परतल्यावरच होतील."

क्षमस्व वगैरे नको. आणि बेन-भाई "त्याच दिवशी" उत्तर देतील असं त्यांना न विचारता लिहू नका. ते दोघे आपापलं काम सांभाळून हे करणार आहेत.

मृण्मयी_बडोदे | 4:20

लावलं. टेस्ट सर्टिफिकेट क्वालिटीच देतं, त्यांना सांगितलंय. मुदत संपणारी कोटेशन काढली, साहेबांनी दोघांना वाढ दिली, एकाचे दर बदलणार म्हणाले. Start आत्ताचा ठेवून घरच्या जीमेलवरून दोन मेल टाकून पाहिल्या. पहिलीला उत्तर आलं, दुसरीला नाही, म्हणजे 48 तासांचं बरोबर चाललंय ना? पण पहिलं उत्तर स्पॅममध्ये गेलं. ग्राहकांचंही तसंच होईल का?

सर्व्हरवाला | 4:34

दुसरीला न येणं बरोबर आहे. आता Start उद्या संध्याकाळचा करा. स्पॅमचं कारण मजकुरात नसावं, मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या SPF, DKIM नोंदी बघायला लागतील. होस्टिंगवाल्याला आजच तिकीट टाका. त्या आलेल्या मेलवर जीमेलमध्ये Show original उघडा आणि तिथे SPF, DKIM पुढे PASS आहे की FAIL, ते इथे लिहा.

इंदूरी_जिरावण | 4:41

म्हणून म्हणत होतो, मोबाइल नंबर द्या.