मदत हवी आहे: मार्टिनी, टर्नअराउंड, पिकअप, वाइल्ड ट्रॅक. सेटवर माझा पुरता पोपट झाला

नवखा_नागपूरकर
मंडळी, नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात शॉर्टफिल्मचं शूट सुरू आहे. युनिट मुंबईचं, मी इथला मदतनीस. काल एका दिवसात चार गोंधळ केले.

दुपारी फर्स्ट एडी म्हणाले, "बारा नंबरचा पिकअप घ्यायचाय." मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. अख्खं युनिट हसलं. रात्री 10 वाजता "मार्टिनी!" अशी आरोळी आली. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, शेवटचा शॉट. तो झाला म्हणून मी ताईंचा (आईचं काम करतात) लेपल काढून त्यांना हॉटेलवर सोडलं. पाच मिनिटांनी साउंडवाले दादा ओरडत आले, "वाइल्ड ट्रॅक कोण देणार आता, तू?" पॅकअप 10:30 ला. मी सकाळचा 7 चा कॉल ग्रूपवर टाकला, तर उत्तर आलं, "टर्नअराउंड बघितलास का?" मला वाटलं, कॅमेरा फिरवायचाय.

आज दुपारी 2 चा कॉल आहे. त्याआधी कोणी नीट सांगेल का? आणि ताईंचा आवाज हॉटेलच्या खोलीत घेतला तर चालेल?

कट_टू_कट
टर्नअराउंडचा तू लावलेला अर्थ चुकीचा नाही. एका बाजूचे शॉट संपले की लाइट-कॅमेरा उलट्या बाजूला नेतात, त्यालाही तेच म्हणतात. वाइल्ड ट्रॅक सोपा आहे: सगळ्यांनी 30 सेकंद गप्प राहायचं आणि खोलीचा आवाज घ्यायचा.

बूमवाला_बुटीबोरी
कट_टू_कट, तो रूम टोन झाला राजे हो. वाइल्ड ट्रॅक म्हणजे कॅमेरा बंद ठेवून घेतलेला आवाज, बहुतेक वेळा संवादच.

नागपूरच्या मे महिन्यात हे रोजचं आहे. आपला कूलर बंद करता येतो, शेजारच्या गच्चीवरचा कसा करणार? टेकमध्ये त्याची घरघर बसते. मग सीन संपल्या संपल्या, त्याच खोलीत, तोच माइक तेवढ्याच अंतरावर धरून नटाकडून ती वाक्यं तीनतीनदा म्हणवून घ्यायची. आधी हेडफोनवर त्यांचाच टेक ऐकवायचा, म्हणजे लय पकडता येते. क्लॅप नाही, नुसतं तोंडाने "वाइल्ड ट्रॅक, सीन बारा, आईचं वाक्य" म्हणायचं. फाइलचं नाव `S12_WT_01.wav` असं काही असलं की एडिटर तिचा व्हिडिओ शोधत बसत नाही.

तुझी खरी चूक इथे झाली. मार्टिनी हा कॅमेऱ्याचा शेवटचा शॉट. पुढचा "शॉट" थेट ग्लासातला, म्हणून ते नाव. साउंडचं काम त्यानंतरही उरलेलं असतं. साउंडवाल्याने मान हलवल्याशिवाय लेपलला हात लावायचा नाही.

लग्नाचा_व्हिडिओवाला
आमच्याकडे पिकअप म्हणजे नवरदेवाला आणायची गाडीच! आणि कूलर बंद केला तर आधी वऱ्हाडीच मारतात. बरं, लेपल कोणता घ्यावा? माझ्या माइकमध्ये शेरवानीची खसखस येते.

बूमवाला_बुटीबोरी
दादा, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

शेड्यूलवाली
नवखा, कॉलशीटवर नटाच्या नावापुढे "पिकअप 6:15" असेल तर ती गाडीच, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नकोस. सीनमध्ये मात्र वेगळं. समजा टेकचा पहिला अर्धा भाग छान झाला आणि आई चहाचा कप ठेवताना अडखळली. मग पहिल्यापासून न घेता एकदोन वाक्यं आधीपासून पुन्हा घेतात, म्हणजे एडिटरला कट मारायला जागा मिळते. क्लॅपवर टेक नंबरपुढे "पीयू" लिहितात. कप कोणत्या हातात होता, चहा किती उरला होता, ते त्या क्षणी बघून ठेव. शूट संपल्यावर महिन्याने राहिलेले तुकडे घेतात, तेही पिकअपच.

आता टर्नअराउंड. 10:30 ते 7 म्हणजे साडेआठ तास. अमेरिकेत नटांच्या युनियनच्या करारात साधारण 12 तासांची विश्रांती असते. आपल्याकडे करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं, पण साडेआठ कुठेही कमीच. आणि एकच आकडा सगळ्यांना लावू नकोस. संध्याकाळी 7 ला सुटलेल्या नटाला सकाळी 7 ला बोलावता येतं. उलट मेकअपवाल्यांना 6 ला यावं लागतं, त्यांचे साडेसातच उरले. नावानिशी सुटल्याची वेळ लिहीत जा.

कट_टू_कट
पण विश्रांती पॅकअपपासून मोजायची की हॉटेलवर पोचल्यापासून?

शेड्यूलवाली
यावरून मी स्वतः दोनदा भांडले आहे. मी दारापासून दारापर्यंत मोजते, निर्माते पॅकअपपासून.

बूमवाला_बुटीबोरी
हॉटेलचं राहिलं. शक्यतो ताईंना वाड्यातच बोलाव. नाहीच जमलं तर एसी बंद, पडदे ओढलेले, भिंतींना रजया आणि तोच माइक. तरी वाड्याची गुंज येणार नाही. काल रूम टोन घेतला होता का?

नवखा_नागपूरकर
दादांना विचारलं. म्हणाले, "घेणार होतो, तेवढ्यात तू जनरेटरवाल्याला सोडलंस."