फील्डच्या वहीचे तीन रकाने करावेत का?

झांकीची वही:
इंदूरच्या बंद गिरण्यांमधले जुने कामगार अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतले देखावे, म्हणजे झांक्या, कशा उभ्या करतात, यावर माझं काम चालू आहे. दोन पावसाळ्यांत अकरा वह्या भरल्या. गाइड म्हणतात, टाइप करताना प्रत्येक नोंद निरीक्षण, अर्थ आणि मनोगत अशी वेगळी कर. मला वाटतं यात नोंदच मोडते. चौथ्या वहीचं पान ३७ जसंच्या तसं देते:

"संध्या. ७ च्या सुमारास. वेल्डिंग चालू. कमिटीचे दोघे आले, पैशांवरून बोलणं. दादा नाराज, उत्तर देईनात. मला खुर्ची दिली, अवघडले. म्हातारे बाजूला. 'आता कोणी विचारत नाही.'"

हे तीन ठिकाणी कापायचं? तुमचं मत सांगा.

रामबागकर:
कापायलाच हवं. मी सर्वेक्षणाच्या कामात बारा वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. जे डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं ते पहिल्या रकान्यात. 'नाराज' दिसत नसतं, ते दुसऱ्यात. 'अवघडले' तिसऱ्यात. एक वाक्य, एक रकाना. पहिला रकाना रिकामा वाटला तर आठवून भरा: दादांच्या कपाळाला आठ्या होत्या का, त्यांनी तोंड फिरवलं का. एका पानाला अर्धा तास पुरे.

नारायणबागेतली माई:
दादा का रागावले असं विचारताय ना? माझे वडील गिरणीत फिटर होते, गणपतीत आमच्या घरचे सगळे झांकीच्या कामाला असत. अगं, वेल्डिंग करणारा माणूस तोंडासमोर काच धरून असतो. टाका अर्धवट सोडून तो कोणालाच उत्तर देत नाही, बायकोला नाही आणि कमिटीलाही नाही. त्याला नाराजी समजू नकोस. आणि खुर्ची दिली म्हणजे मान दिला असंही नव्हे. ठिणग्या उडतात, पाहुणा एका जागी बसलेला बरा असतो.

बडोद्याचा जुना फील्डवाला:
माईंना प्रश्न वेगळाच वाटला, पण उत्तर नेमकं त्यांच्याकडूनच आलं. दादांच्या तोंडासमोर काच होती का? वेल्डिंग तेच करत होते का? वहीत ते नाही. 'नाराज' या एका शब्दाने दिसलेलं सगळं झाकून टाकलं. वेगळं करायला बसल्यावरच अशी भोकं सापडतात, आणि म्हणून मी वेगळं करण्याच्या बाजूचा आहे.

मात्र रामबागकर, तुमच्या 'आठवून भरा' या सल्ल्याला माझा कडक विरोध आहे. दीड वर्षाने आठवलेल्या आठ्या पहिल्या रकान्यात गेल्या की त्या पाहिलेल्या ठरतात. 'नाराज' हा शब्द आधी वाचून मग आठवलं की मन त्याला शोभेल असा चेहरा काढून देतं. रकाना रिकामा असेल तर रिकामा राहू द्या.

माझी पद्धत सांगतो. आधी वहीतला मजकूर शब्द न बदलता टाइप करायचा, खाडाखोडीसकट, वही आणि पान क्रमांक देऊन. त्याला पुन्हा हात लावायचा नाही. खाली नोंद पाडायची. त्यात अर्थाचे दोन थर ठेवायचे: जागेवर लिहिलेला आणि आज सुचलेला. आजच्यावर आजची तारीख. आठवणीतून आलेलं काही घालायचंच असेल तर तेही तारीख टाकून, निरीक्षणाच्या बाहेर.

'एक वाक्य, एक रकाना' हेही चालत नाही. खुर्ची दिली हे निरीक्षण आहे आणि अवघडलेपण मनोगत, पण ते खुर्चीपासून तोडलं तर नुसता उसासा उरतो. दोन्हींवर एकच नोंद क्रमांक हवा.

मांडवीची:
फील्डवाले सर, तुम्ही रकाने सुधारताय, पण मुळात निरीक्षण असं निर्मळ कुठे असतं? 'म्हातारे बाजूला' घ्या. कशाच्या बाजूला? ताई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्या नजरेचा मध्य झांकी होती, म्हणून म्हातारे कडेला पडले. म्हाताऱ्यांच्या दृष्टीने कदाचित तेच मध्ये बसले असतील.

मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने फील्डवर असताना खासगी मनोगत वेगळ्या डायरीत ठेवलं. ती १९६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी छापली गेली. तोवर लोकांनी फक्त नीटनेटका शास्त्रज्ञ वाचला. डायरीत चिडलेला, कंटाळलेला, ज्यांच्यात राहतो त्यांच्यावर वैतागलेला माणूस निघाला. मनोगत वेगळ्या खणात टाकलं की उरलेलं आपोआप खरं वाटू लागतं, मला भीती याची आहे. मी मजकूर सलग ठेवते आणि समासात तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करते. एका ओळीला दोन रंग लागले तरी लागू देते.

बडोद्याचा जुना फील्डवाला:
खुणा मलाही मान्य आहेत. 'बाजूला' हा तुमचा मुद्दाही पटला, मी तो शब्द बेधडक निरीक्षणात टाकला असता. पण अकरा वह्यांत 'पैशांवरून बोलणं' कुठे कुठे झालं हे रंगीत समासातून कसं शोधणार? त्यासाठी नोंदी पाडाव्याच लागतात.

आणखी एक. कोट केलेलं वाक्य मराठीत कसं? तिथे मराठीत बोलत होते का?

झांकीची वही:
नाही. तिथे सगळे आपल्या इंदुरी हिंदीत बोलतात. 'अब कोई पूछता नी' असं काहीसं असेल. मी ऐकता ऐकता मराठीत लिहीत होते, अकराही वह्यांत तसंच आहे. म्हणजे माझ्या अवतरणचिन्हांतलं एकही वाक्य त्या माणसाच्या तोंडचं नाही.

काल रात्री पान ३७ करून पाहिलं:

वही ४, पान ३७, नोंद २
निरीक्षण: कमिटीचे दोघे आले. पैशांचा विषय निघाला. दादांनी उत्तर दिलं नाही. काच होती की नाही, नोंद नाही.
अर्थ, जागेवर: दादा नाराज.
अर्थ, आज: काम अर्धवट सोडता येत नव्हतं, असंही शक्य. माईंच्या सांगण्यावरून.
बोलणं: "आता कोणी विचारत नाही." मूळ हिंदी, माझं मराठी. कोण बोललं, नोंद नाही.

शेवटची ओळ टाइप करताना हात थांबला. ते वाक्य 'म्हातारे बाजूला'च्या लगेच पुढे आहे, म्हणून मी ते म्हाताऱ्यांचं धरलं होतं. तिसऱ्या प्रकरणात त्यावर दीड पान लिहिलंय, जुन्या कामगारांना कसं डावललं जातं यावर. ते दादा म्हणाले असतील, तर 'विचारत नाही' हे कमिटीबद्दल होतं. ते दीड पान मी काढून टाकलं.

रामबागकर:
आठवून भरायचा सल्ला मागे घेतो. पण एका पानाला एक रात्र गेली, तर अकरा वह्या कधी होणार? प्रबंधाला मुदत असते.

बडोद्याचा जुना फील्डवाला:
शब्दशः टाइप सगळ्या वह्या करा. नोंदी मात्र ज्या पानांतून उतारा किंवा दावा उचलणार, तेवढ्याच पानांच्या पाडा. आणि मूळ वह्या वेगळ्या घरी ठेवा. १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी अठरा वर्षं खपून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती एकाच जागी जळाल्या.

मांडवीची:
आणि ज्या पानांतून काही उचलणार नाही असं आज वाटतं, त्यांचं काय? पान ३७ची चूक नोंद पाडली म्हणून कळली. न उचललेल्या पानांत दावा खोडणारं काही असेल, तर ते नुसत्या टाइपमध्ये दिसेल याची खात्री मला नाही.

नारायणबागेतली माई:
त्या दादांनाच जाऊन विचार की, वाक्य कोणाचं होतं ते. श्रावण संपला की शेडमध्ये काम सुरू होईल.

झांकीची वही:
जाणार आहे, माई. ते जे सांगतील ते नव्या वहीत, त्या दिवसाच्या तारखेने लिहीन. पान ३७वर 'नोंद नाही' तसंच राहील. मनोगताचा रकाना गाइडना दाखवायचा का, हे मात्र अजून ठरत नाहीये. त्यात त्यांच्याबद्दलही लिहिलेलं आहे.