‘नियम परत टाकू’ हा रोलबॅक नव्हे

मूळ पोस्ट (पुसदकर): बँकेच्या तालुक्याच्या शाखेतल्या फायरवॉलवरचा एक जुना, कुठूनही कुठंही सगळं जाऊ देणारा एनी-एनी नियम काढायचा, तर बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीला चार पानी अर्ज. रिस्कच्या रकान्यात ‘लो’ आणि रोलबॅकच्या, म्हणजे फसलं तर मागे कसं फिरणार याच्या, रकान्यात ‘नियम परत टाकू’ लिहिलं की काम व्हायला पाहिजे. बाकी सगळे कागदी घोडे.

बडनेरा_नेटवर्क: परत टाकणार कुठून, भाऊ? शाखा धारणीकडे, तुम्ही अमरावतीत आणि फायरवॉलपर्यंत जाणारी वाट त्याच नियमावर उभ्या असलेल्या व्हीपीएन टनेलमधून. फोर्टिगेट फायरवॉलवर टनेलचा इंटरफेस एकाही पॉलिसीत, म्हणजे नियमात, नसला तर टनेल उभाच राहत नाही. आधी जुना नियम काढला आणि मग नवा टाकू म्हटलं, तर नवा टाकायला आत शिरताच येणार नाही. मग परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत घाट चढा. तोवर शाखा बंद. समितीला हेच कळायला हवं असतं.

अर्ज असा लिहा. समजा, शाखेचं नेटवर्क `10.20.7.0/24` आणि एनी-एनी पॉलिसी १२ नंबरची. पहिल्या टप्प्यात काहीच बंद करायचं नाही. १२ च्या वर नेमक्या पॉलिसी टाकायच्या: बँकिंग सर्व्हर `10.10.1.20` ला टीसीपी ४४३, डीएनएसला ५३, वेळेच्या सर्व्हरला यूडीपी १२३. मग १२ वर पूर्ण लॉग चालू करायचा, कारण मूळ सेटिंग फक्त सुरक्षेच्या घटना नोंदवतं, साधी जाणारी-येणारी वाहतूक नाही.

```
config firewall policy
    edit 12
        set logtraffic all
    next
end
```

आता वरच्या पॉलिसींत न बसलेलं सगळं १२ च्या लॉगमध्ये उतरेल. ती यादी म्हणजेच तुमचं रिस्क असेसमेंट. त्यात अँटिव्हायरसचा सर्व्हर सापडेल, एटीएमची जोडणी सापडेल, एखादा विसरलेला प्रिंटर सापडेल. प्रत्येक ओळीपुढे लिहा: कोणाचं आहे, बंद पडलं तर काय अडेल, ठेवायचं की सोडायचं. महिनाअखेर त्या काळात आलीच पाहिजे, कारण काही कामं महिन्यातून एकदाच चालतात. ‘लो’ हा शब्द या यादीच्या खाली शोभतो, यादीच्या जागी नाही.

बदलाच्या दिवशी १२ डिलीट करायची नाही, फक्त `set status disable`. रोलबॅक म्हणजे `set status enable`, एक ओळ. डिलीट महिन्याभरानं, वेगळ्या अर्जानं.

आर्वीचा_अ‍ॅडमिन: एवढा पसारा कशाला? मशीनलाच टायमर लावा. ज्युनिपरवर `commit confirmed 10` दिलं आणि दहा मिनिटांत पक्कं केलं नाही, तर जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. फोर्टिगेटवरही सोय आहे.

```
config system global
    set cfg-save revert
    set cfg-revert-timeout 600
end
```

सगळं ठीक असलं की `execute cfg save`. रिस्कचे रकाने भरायची गरजच उरत नाही.

बडनेरा_नेटवर्क: टायमर लावाच, मी नाही म्हणत नाही. पण तो फक्त तुम्ही बाहेर अडकलात तरच कामाचा. तुमचं लॉगिन शाबूत आहे, तुम्ही सहाव्या मिनिटाला सेव्ह केलं आणि एटीएम बंद असल्याचं सकाळी कळलं, तर टायमर काय करणार? लॉगमधली यादी त्यासाठी लागते. शिवाय फोर्टिगेट जुन्यावर परत जाताना रीबूट होतो. म्हणजे फसलेल्या बदलात काही मिनिटं शाखेचं सगळंच बंद, एटीएमसकट. हे अर्जात लिहायचं, नाहीतर समिती रीबूटलाच नवी भानगड समजेल. त्या दहा मिनिटांत दुसऱ्या कोणी त्याच मशीनवर केलेला बदलही पुसला जातो, तेही लिहायचं.

आर्वीचा_अ‍ॅडमिन: रीबूटचं मान्य. ज्युनिपरला तो होत नाही एवढंच माझं म्हणणं.

लेखापरीक्षण_वर्धा: तुम्ही दोघंही वेळेबद्दल गप्प आहात. निम्मे अर्ज ‘रात्री ११ ते १’ लिहून येतात, कारण नमुन्यात तसं छापलेलं असतं. रात्री ११ ला धारणीच्या शाखेत तपासणार कोण? पासबुक छापून बघणार कोण? इकडून पिंग लागलं म्हणजे कॅशियरचा व्यवहार झाला असं होत नाही.

बडनेरा_नेटवर्क: दिवसा करायचं म्हणता? काउंटरवर रांग असताना?

लेखापरीक्षण_वर्धा: रांग असताना म्हटलं का मी? काउंटर बंद झाल्यावर, कर्मचारी शाखेत असताना. एक जण नवं लॉगिन करेल, खातं उघडून बघेल, एक पान छापेल. नवंच लॉगिन हवं. सिस्को एएसएसारख्या फायरवॉलवर आधीपासून चालू असलेली जोडणी नियम बदलला तरी तुटत नाही, म्हणून उघड्या खिडकीत सगळं चालतंय असं दिसतं आणि सकाळी सगळे अडकतात.

कास्तकाराचं_पोरगं: काहून भांडता बावा! संध्याकाळी लाइनच जाते तं काय करान? यूपीएसची बॅटरी मेलेली असते, फायरवॉल बंद पडते. आमच्याइथं पीएफसेन्स हाय, त्याले तं टायमरच नाही. मग अर्जच नाही करायचा का?

बडनेरा_नेटवर्क: करायचा, पण तुमच्या रोलबॅकला माणूस लागतो. पीएफसेन्सच्या कन्सोलवर १५ नंबरचा पर्याय अलीकडची कॉन्फिगं परत आणतो. मॉनिटर-कीबोर्ड जोडून तो निवडणारा शाखेत कोण, त्याला पासवर्ड लागेल का, तो फोनवर कसा भेटेल, हे अर्जात लिहा. विजेचं म्हणाल तर फोर्टिगेटवर सेव्ह न केलेला बदल लाइन गेली की जातो, आणि जुनं कॉन्फिग परत येतं. टायमर लावलेला असताना ते आपल्या पथ्यावरच पडतं.

पुसदकर: म्हणजे आता यूपीएसच्या बॅटरीवरही समितीत चर्चा!

लेखापरीक्षण_वर्धा: हो, व्हायलाच हवी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. ‘अभियंता शाखेत पोचून पूर्ववत करेल’ ही ओळ जुलैच्या अर्जात खोटी ठरते. तिकडचा बदल पुढे ढकला, नाहीतर कन्सोल केबल आणि ती लावायला शिकवलेला कर्मचारी आधीच तिथं ठेवा. सगळ्या शाखांना एकच नमुना चिकटवणारे अर्ज मी परतच पाठवणार.

बडनेरा_नेटवर्क: काउंटर बंद झाल्यावरची वेळ मी स्वीकारतो, पण एका अटीवर. दिवसअखेरचा हिशेब, म्हणजे डे-एंड, सुरू व्हायच्या आत काम संपलं पाहिजे. अर्जात घड्याळ असं हवं: ५:४५ ला पॉलिसी बंद, ५:५० पर्यंत तीन तपासण्या, एक जरी नापास तर ५:५२ ला मागे फिरणार. तेव्हा ‘अजून दोन मिनिटं बघू’ चालणार नाही. ५:५५ ला टायमर संपतो, त्याआधी सेव्ह किंवा माघार.

पुसदकर: यादीचं आणि डिसेबलचं पटलं. उद्या १२ वर लॉग लावतो. पण ५:५२ ला मागे फिरायचं हे ठरवणार कोण? शाखा व्यवस्थापक म्हणणार मला यातलं कळत नाही, आणि समितीतलं कोणी त्या वेळी फोन उचलत नाही.

आर्वीचा_अ‍ॅडमिन: ज्याचा हात कीबोर्डवर, त्यानंच ठरवावं.

लेखापरीक्षण_वर्धा: मुळीच नाही. बदल करणाऱ्याला तो यशस्वीच दाखवायचा असतो. दुसरा माणूस हवा, आणि त्याचं नाव अर्जात.

आर्वीचा_अ‍ॅडमिन: दोन माणसांच्या आयटी विभागात दुसरा रजेवर असला तर?